संप, टाळेबंदी, ले-ऑफ, कपात : एकाच थांबलेल्या कामाची चार उत्तरे

‘यंत्र बिघडल्यामुळे सकाळच्या पाळीला हजर झालेल्या कामगारांना दोन तास उलटले तरी काम दिले गेले नाही. ही घटना कोणती? (अ) संप, (आ) टाळेबंदी, (इ) ले-ऑफ, (ई) कामगार कपात.’ कामगार अधिकाऱ्याच्या पदासाठी बसणारे उमेदवार, विधी शाखेचे विद्यार्थी, मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणारी मुले या सर्वांना हा प्रश्न थोड्याफार फरकाने भेटतोच. पुष्कळ जण येथे ‘टाळेबंदी’वर खूण करतात आणि गुण गमावतात. मालकाने काम दिले नाही एवढेच त्यांनी पाहिलेले असते. का दिले नाही, हे पाहायचे राहून जाते.

चारही घटनांत दिसणारे चित्र सारखेच असते. यंत्रे थांबलेली आणि कामगार कामाविना. कायदा मात्र या चित्राकडे पाहून नाव देत नाही. तो तीन गोष्टी विचारतो. काम कोणी थांबवले? कशासाठी थांबवले? आणि कामगाराचे नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, राहिले की गेले? ही तीन उत्तरे हाती आली की चार पर्यायांतले तीन आपोआप गळून पडतात.

काम कामगारांनी थांबवले असेल तर तो संप. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधल्या व्याख्येचा गाभा आहे एकजुटीने केलेला नकार. एकट्या कामगाराने रागाच्या भरात यंत्र सोडून घर गाठले तर ती गैरहजेरी. अनेकांनी समान समजुतीने काम नाकारले की संप. काम किती वेळ थांबले याला व्याख्येत स्थान नाही. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सूर्यग्रहण होते. त्या दिवशी सुटी मिळाली नाही म्हणून मद्रासच्या कर्नाटिक मिलमधल्या रात्रपाळीच्या कामगारांनी दुपारी चारनंतर काम थांबवले. रात्री दहापर्यंत सगळे पूर्ववत झाले. अवघ्या काही तासांची ही गोष्ट. तरीही सर्वोच्च न्यायालयाने तिला संपच म्हटले, आणि आधी नोटीस दिलेली नसल्यामुळे बेकायदा संप ठरवले. म्हणून प्रश्नात ‘फक्त तीन तास काम बंद होते’ असे शब्द आले तर त्यांनी गडबडून जाऊ नये. ते चकवण्यासाठीच घातलेले असतात.

काम मालकाकडून थांबले असेल तर खरी गुंतागुंत सुरू होते, कारण तेथे टाळेबंदी आणि ले-ऑफ हे दोन पर्याय शेजारी शेजारी उभे असतात. त्यांच्यातली रेघ न्यायालयाने स्पष्टपणे ओढली ती निलगिरीतल्या कैरबेट्टा मळ्याच्या खटल्यात. १९५७ च्या जुलैअखेरीस या मळ्याच्या व्यवस्थापकावर काही मजुरांनी हल्ला केला. त्यांची हाडे मोडली आणि त्यांना महिन्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागले. मळ्याच्या खालच्या विभागात काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही धमक्या आल्या. तेथे जायला कोणी धजेना. मालकाने तो विभाग पुढील सूचनेपर्यंत बंद केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला समेट होऊन काम पुन्हा सुरू झाले.

मग मजुरांनी मधल्या काळाची ले-ऑफची भरपाई मागितली. त्यांचे म्हणणे वरवर पटण्यासारखे होते. आम्ही मस्टरवर होतो, कामावरून काढलेले नव्हतो, आणि मालकाने काम दिले नाही. मग हा ले-ऑफच झाला. शिवाय व्याख्येत कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, साठलेला माल, यंत्रातील बिघाड ही कारणे दिल्यावर पुढे ‘किंवा इतर कोणत्याही कारणाने’ असे शब्द होतेच. कामगार न्यायालयाने मजुरांच्या बाजूने कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये निकाल उलटला.

तो निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मूळचे साताऱ्याचे गजेंद्रगडकर पुढे १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या निकालातला विचार असा : ‘इतर कोणतेही कारण’ याचा अर्थ वाटेल ते कारण असा होत नाही, ते आधी सांगितलेल्या कारणांच्या जातीचेच असले पाहिजे. (पुढे कायद्यातच नैसर्गिक आपत्तीची भर पडली आणि ‘इतर संबंधित कारण’ असे शब्द आले.) ले-ऑफमध्ये धंद्याच्या अडचणीमुळे मालकाला काम देता येत नाही. येथे काम होते, मळा होता, मजूरही होते. विभाग बंद झाला तो मजुरांच्या वागण्याला उत्तर म्हणून. संप हे जसे मागणी रेटण्याचे कामगारांचे शस्त्र, तसे टाळेबंदी हे आपली बाजू रेटण्याचे मालकाचे शस्त्र. तेव्हा ही टाळेबंदी होती, आणि टाळेबंदीला ले-ऑफची भरपाई लागू होत नाही.

याचा अर्थ टाळेबंदीत मालक नेहमी मोकळा सुटतो असा नाही. ती कायदेशीर आणि समर्थनीय होती का, यावर त्या काळातल्या वेतनाचा निर्णय होतो. संपाबाबतही हीच कसोटी आहे. परीक्षेत याच भागावर आणखी एक नेमका प्रश्न येतो : बेकायदा संपामुळे मालकाने जाहीर केलेली टाळेबंदी बेकायदा ठरते का? उत्तर ‘नाही’. उलट बाजूनेही तसेच. बेकायदा टाळेबंदीला उत्तर म्हणून केलेला संप बेकायदा मानला जात नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे पाहा. यंत्र बिघडले आहे, म्हणजे अडचण धंद्यातली. दोन तासांचा उल्लेखही कायद्यातूनच आला आहे. नेमलेल्या वेळी हजर झालेल्या कामगाराला दोन तासांत काम दिले नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ले-ऑफ दिल्याचे मानले जाते. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बोलावले आणि तेव्हा काम दिले, तर तो अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ. म्हणून उत्तर (इ).

ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते. त्यासाठी आस्थापनेत किमान ५० कामगार हवेत, काम हंगामी नको, आणि कामगाराची एक वर्षाची सलग सेवा झालेली हवी. समजा, एका कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून रोजचे ६०० रुपये होतात. त्याला २० दिवस ले-ऑफ दिला आणि मध्ये तीन साप्ताहिक सुट्या आल्या. सुट्या वजा जाऊन १७ दिवस राहतात, आणि ३०० रुपयांप्रमाणे त्याला ५,१०० रुपये मिळतात. मात्र तो दिवसातून एकदा हजेरी द्यायला आला नाही, किंवा जवळपासचे योग्य पर्यायी काम त्याने नाकारले, तर हक्क जातो. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या विभागातल्या संपामुळे काम थांबले असेल तरीही भरपाई नाही. हा शेवटचा अपवाद परीक्षकांच्या विशेष आवडीचा आहे, कारण त्यात संप आणि ले-ऑफ एकाच ओळीत येतात.

संप, टाळेबंदी आणि ले-ऑफ या तिन्हींत नोकरीचे नाते टिकून असते. चौथ्या प्रकारात, कामगार कपातीत, ते तुटते. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपवली की ती कपात. स्वेच्छानिवृत्ती, वयोमानाने आलेली निवृत्ती, मुदत संपून नूतनीकरण न झालेला करार हे त्यातून वगळलेले आहेत. चोरी सिद्ध झाल्यामुळे चौकशीअंती काढलेला कामगार हा बडतर्फ झालेला कामगार. त्याला कपातीची भरपाई नाही.

एक वर्षाच्या सलग सेवेनंतर कपात करायची तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन. सहा महिन्यांहून अधिकचा उरलेला भाग पूर्ण वर्ष धरतात. महिना १८,००० रुपये वेतन आणि ८ वर्षे ७ महिने सेवा असेल तर नऊ वर्षे धरायची : ९,००० गुणिले ९, म्हणजे ८१,००० रुपये. सेवा ८ वर्षे ५ महिने असती तर ७२,०००. सामान्यतः त्या प्रकारच्या कामात शेवटी लागलेला आधी जातो, आणि पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्यांना आधी संधी द्यावी लागते.

येथेच आजच्या वाचकाची सर्वांत मोठी फसगत होते. मोठ्या संगणक कंपन्यांनी हजारो लोकांना ‘ले-ऑफ’ दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. हा अमेरिकी वापर आहे. त्या माणसांची नोकरी गेलेली असते. त्यांची नावे कंपनीच्या नोंदीत राहिलेली नसतात. भारतीय कायद्याच्या कसोटीवर असे काढून टाकणे ले-ऑफमध्ये बसत नाही; कायद्याच्या अर्थाने कामगार असलेल्याच्या बाबतीत ती कपात ठरते. बातमीतला शब्द डोक्यात ठेवून प्रश्नपत्रिका सोडवली तर उत्तर हमखास चुकते.

अभ्यासाचे पुस्तक कोणत्या वर्षाचे आहे तेही तपासा. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४७ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली. चार संकल्पनांचा गाभा तसाच आहे, पण कडा बदलल्या आहेत. एखाद्या दिवशी ५० टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा घेतली, तर आता तोही संप. संपाआधी १४ दिवसांची नोटीस पूर्वी फक्त लोकोपयोगी सेवांना लागे; आता ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लागते. कारखाने, खाणी व मळ्यांत ले-ऑफ किंवा कपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. निश्चित मुदतीची नेमणूक मुदत भरून संपली तर तीही कपात नाही.

परीक्षा देणाऱ्यांनी प्रश्न वाचताना पर्यायांकडे आधी पाहू नये. घटनेतले कारण अधोरेखित करावे, मग मस्टर शोधावे आणि त्यानंतरच खूण करावी. आणि जे कारखान्यात किंवा कार्यालयात काम करतात त्यांनी ‘सध्या घरी बसा’ असे तोंडी सांगितले गेल्यास लेखी आदेश मागावा. त्यात कारण काय लिहिले आहे आणि आपले नाव मस्टरवर आहे की नाही, यावरच आपल्याला निम्मे वेतन मिळणार, कपातीची भरपाई मिळणार की काहीच मिळणार नाही, हे ठरते.