बायो म्हणजे बायोडाटा नव्हे

लातूर बाजार समितीतले सोयाबीनचे भाव रोज मोबाईलवर सांगणारा औसा तालुक्यातला एक तरुण डोळ्यांसमोर आणू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आवक वाढली की त्याची एखादी रील भरपूर फिरते. अहमदपूर, मुखेड, कंधारचे अनोळखी शेतकरी ती बघून त्याच्या प्रोफाइलवर येतात. तिथे लिहिलेलं असतं: शेतकरीपुत्र, मराठवाड्याचा वाघ, स्वप्नं मोठी बघा, वाढदिवस अमुक तारखेला, कोलॅबसाठी मेसेज करा. आलेला माणूस दोन-चार चौकोन खालीवर करतो आणि निघून जातो. त्याला हवं ते तिथे होतं, पण ते त्याला कुणी सांगितलंच नाही.

गैरसमज: बायो म्हणजे स्वतःची ओळख.

वस्तुस्थिती अशी की बायो वाचणाऱ्याला अजून तुमच्याबद्दल कुतूहलच नसतं. तुमचा एकच व्हिडिओ बघून तो आलेला असतो. असाच दुसरा मिळेल का, कधी मिळेल आणि तो आपल्या कामाचा आहे का, एवढंच त्याला ताडायचं असतं. शेतकरीपुत्र असणं अभिमानाचं आहेच, पण सोयाबीनचा भाव बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण शेतकरीपुत्रच असतो. त्या शब्दाने त्याला नवं काही कळत नाही.

इन्स्टाग्रामवर बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत ही जागा वाटते त्यापेक्षा लवकर भरते, कारण संगणकाच्या लेखी काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही प्रत्येक खूण वेगळी असते. ‘लातूर’ आपल्याला तीन अक्षरी वाटतं, ते पाच धरलं जातं. म्हणून एकेक शब्द तोलून वापरावा लागतो. आपल्या तरुणाचं बायो असं लिहिता येईल:

```
लातूर बाजार समिती: सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव
सौदे झाल्यावर रोज एक व्हिडिओ
किमान, कमाल, सर्वसाधारण दर
विकावं की थांबावं, हा सल्ला नाही
```

हे जवळपास 135 अक्षरांत बसतं. पहिल्या ओळीत कुठला बाजार आणि कुठला माल हे आलं. नांदेडच्या मोंढ्याचे भाव शोधणारा इथूनच परत फिरेल आणि ते चांगलंच आहे, कारण तो थांबला असता तर दुसऱ्या दिवशी नाराज होऊन गेला असता. दुसरी ओळ वेळ सांगते. त्यात ‘सकाळी 11 वाजता’ असं मुद्दाम लिहिलेलं नाही. सौदे उशिरा झाले की ते वचन मोडतं. ‘सौदे झाल्यावर’ हे मात्र रोज पाळता येतं. तिसऱ्या ओळीमुळे फक्त सगळ्यात चढा आकडा ओरडून सांगणाऱ्यांपेक्षा हे खातं वेगळं ठरतं. कमाल दर एखाद्याच उत्तम मालाला मिळालेला असू शकतो, त्यामुळे सर्वसाधारण दर कळल्याशिवाय शेतकऱ्याला अंदाज बांधता येत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती चौथी ओळ. काय मिळणार नाही हे लिहायला बहुतेक जण कचरतात. पण भावाच्या व्हिडिओखाली रोज येणारा प्रश्न तोच असतो: दादा, आता विकावं का? त्याचं उत्तर आपण देत नाही हे आधीच लिहिलं, तर उद्या भाव पडल्यावर कुणी बोट दाखवत नाही.

आपलं बायो जमलं की नाही, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. ते तालुक्यातल्या दुसऱ्या कुणाच्याही खात्यावर चिकटवून बघा. तिथेही शोभत असेल, तर पुन्हा लिहायला बसा.

गैरसमज: सर्वात जास्त चाललेला व्हिडिओ पिन करावा.

इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर पिन करता येतात. यूट्यूबवर अजून सबस्क्राइब न केलेल्यांसाठी चॅनेलच्या पानावर ट्रेलर लावता येतो आणि आपल्या प्रत्येक व्हिडिओखाली एक कमेंट पिन करता येते. ही जागा बक्षीस म्हणून वापरली की घोटाळा होतो. समजा, आपल्या तरुणाने पोळ्याला बैलजोडी सजवतानाची रील टाकली आणि ती भावांच्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी जास्त चालली. ती वर लावली तर नवीन माणूस बैलांसाठी फॉलो करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला क्विंटलचे आकडे दिसू लागतात. तो बघणं सोडतो. फॉलोअर वाढलेले दिसतात आणि रोजच्या व्हिडिओचे व्ह्यूज जिथल्या तिथे राहतात. हे दिसलं की पिन चुकलंय असा संशय घ्यायला हरकत नाही.

पिन करायची ओळ नव्या माणसाचा पहिला गोंधळ मिटवणारी असावी. इथे तो गोंधळ ठरलेला आहे. 2025-26 हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे आणि व्हिडिओत त्याहून कमी आकडा ऐकला की लोक सांगणाऱ्यालाच खोटं ठरवतात. म्हणून पिन केलेली ओळ अशी हवी: ‘राम राम. इथे सांगतो तो बाजारातल्या सौद्यांचा भाव आहे, हमीभाव नाही. ओलावा आणि काडीकचरा जास्त असेल तर तुमच्या मालाला यापेक्षा कमी मिळू शकतो.’ रील करायची असेल तर हेच वाक्य पहिलं बोलावं, नाव-गाव नंतर. मात्र पिनमध्ये हमीभावाचा आकडा लिहिला असेल तर पुढच्या हंगामात तो बदलायला विसरू नये. शिळा आकडा वर चिकटून राहिला की खालचे ताजे भावही लोकांना शिळे वाटतात.

गैरसमज: मराठी क्रिएटर, म्हणून सगळं मराठीतच हवं.

सोयाबीनच्या भावाला हे लागू आहे. पण नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या यात्रेकरूंना राहण्याची, लंगरची, स्टेशनहून पोहोचण्याची माहिती देणारं खातं असेल, तर त्याचा बघणारा पंजाबातून येतो. तो `Hazur Sahib` असं शोधतो. रेल्वे स्टेशनचं नावही हुजूर साहिब नांदेड असंच आहे. व्हिडिओ ज्या भाषेत, बायो त्याच भाषेत असावं, एवढा नियम पुरे आहे. शिवाय भाषा मराठी असली तरी शोधताना आपली माणसं रोमन लिपीत टाईप करतात, म्हणून इन्स्टाग्रामच्या नावाच्या रकान्यात नुसतं स्वतःचं नाव न लिहिता `Latur Soybean Bhav | लातूर भाव` असं दोन्ही लिप्यांत लिहावं. शोधात हे नाव धरलं जातं. ते विचार करून ठरवा, कारण 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं.

आणखी एक समज पैशाशी जोडलेला आहे. बियाणं किंवा औषध कंपनीकडून मोबदला घेणारे काही जण बायोत ‘पेड प्रमोशन असते’ असं एकदाच लिहून मोकळे होतात. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेवढं पुरेसं नाही. बघणारा प्रोफाइलवर जाईलच असं नसतं, म्हणून ती सूचना त्या त्या पोस्टमध्ये, सहज दिसेल अशीच द्यावी लागते. बायोतली ती ओळ काढून टाका आणि तिथे मोकळी झालेली अक्षरं बाजार कुठल्या वारी बंद असतो हे सांगायला वापरा.