मुदत मागायची, ती तारखेच्या आधी

पत्र्याचा होलसेलवाला कशाला घाबरतो? पैसे उशिरा येण्याला नाही. उशीर त्याला रोजचाच आहे. तो घाबरतो फोन न उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला. 'शेठ, सोमवारी नक्की' असं तीन सोमवार ऐकलं की चौथ्या सोमवारी तो माल थांबवतो आणि शेजारच्या दुकानदारालाही सांगतो.

भोसरीतल्या माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्यावर गेल्या वर्षी ही पाळी आली होती. ५ जूनला त्याने ४ लाख ८० हजारांचा पत्रा उचलला, मुदत ३० दिवसांची. जूनअखेर ज्या कंपनीकडून ६ लाख यायचे होते, तिने बिल पास केलं, पण पैसे २५ जुलैला देऊ म्हणून कळवलं. हे त्याला २६ जूनला समजलं. म्हणजे पत्र्याचे पैसे द्यायला अजून नऊ दिवस होते आणि त्याने तेच वापरले.

फोन करण्याआधी तो वही घेऊन बसला. बँकेत २ लाख १० हजार, ५ जुलैपर्यंत खात्रीने येणारे दीड लाख. एकूण ३ लाख ६० हजार. त्यातून पगार, वीजबिल, कर्जाचा हप्ता आणि प्लेटिंगवाल्याचे ३५ हजार मिळून २ लाख ४० हजार जाणार. उरले १ लाख २० हजार. ठरल्या दिवशी तो एवढेच देऊ शकत होता. हा हिशेब न करता जो फोन करतो, तो समोरच्याला बरं वाटेल तो आकडा सांगून बसतो.

प्लेटिंगवाल्याचे पैसे त्याने अडवले नाहीत, याला माणुसकीबरोबर कायद्याचंही कारण होतं. प्लेटिंगवाला उद्यम-नोंदणी असलेला छोटा कारखानदार. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. त्याने प्रेमाने 'चालेल' म्हटलं तरी ही मर्यादा सरकत नाही. शिवाय मुदत उलटून ३१ मार्चला असं देणं बाकी राहिलं, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही. पैसे देऊ त्या वर्षी धरायचा. पत्रेवाला मात्र निव्वळ व्यापारी. उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबतचं हे संरक्षण व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे त्याच्याशी मुदत बोलता येते. थोडक्यात, मुदत ज्याला झेपेल त्याच्याकडेच मागावी.

मग त्याने फोन केला. "शेठ, पाच तारखेला पूर्ण पेमेंट होणार नाही. १ लाख २० हजार त्याच दिवशी टाकतो. २ लाख ३० जुलैला, उरलेले १ लाख ६० हजार १४ ऑगस्टला. तोवर नवा माल रोखीनेच नेईन." कारणही एकाच वाक्यात सांगितलं: कंपनीचं बिल पास झालंय, पैसे २५ला येतील. घरातलं आजारपण, नोटाबंदी, बाजारातली मंदी यांतलं काहीच काढलं नाही. कंपनी २५ म्हणत असताना त्याने ३० सांगितली, हे इथे महत्त्वाचं. मधले पाच दिवस त्याने स्वतःसाठी राखून ठेवले होते.

शेठजी थोडे गप्प राहिले, मग म्हणाले, "पुढच्या तारखांचे चेक देऊन ठेव." याने नकार दिला. चेक परत गेला की प्रकरण फौजदारी खटल्यापर्यंत जाऊ शकतं, आणि कंपनीचे पैसे येण्याची तारीख याच्या हातात नव्हती. त्याऐवजी वाढीव दिवसांचं महिन्याला दीड टक्का व्याज त्याने आपणहून कबूल केलं. शेठजी 'बरं' म्हणाले. त्यानंतर तासाभरात त्याने तिन्ही तारखा, रकमा आणि व्याज व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं. तोंडी 'बरं' कोणी विसरतं, कोणी मुद्दाम विसरतं.

कंपनीचे पैसे २५ला आले नाहीत, २८ला आले. ३० तारखेला सकाळी अकरा वाजता त्याने आरटीजीएस केलं आणि यूटीआर नंबर शेठजींना पाठवला. समजा ३०लाही जमणार नसतं, तर त्याला तो फोन २८लाच करावा लागला असता. दुसऱ्यांदा मुदत मागता येते, पण तीही चुकण्याआधी, आणि तेव्हा निदान थोडी तरी रक्कम आधी टाकून.

शेवटचा हप्ता १३ ऑगस्टला गेला, एक दिवस आधी. सप्टेंबरात शेठजींनी पुन्हा उधारी सुरू केली. मात्र ३० नाही, २१ दिवसांची.