कॅमेऱ्याच्या पडद्यावरील ॲपर्चर, शटरगती आणि आयएसओ

ॲपर्चर, शटरगती आणि आयएसओ ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारी, छायाचित्राचा उजेड ठरवणारी तीन मूल्ये आहेत. ॲपर्चर आणि शटरगती यांमुळे संवेदकावर किती प्रकाश पडेल हे ठरते, तर त्या प्रकाशाची नोंद चित्रात किती उजळ दिसेल हे आयएसओवर अवलंबून असते. तेवढ्याच उजेडाचे चित्र निरनिराळ्या मूल्यांनी मिळू शकते. मात्र ती चित्रे सारखी नसतात, कारण प्रत्येक मूल्याचा उजेडाव्यतिरिक्त आणखी एक परिणाम चित्रावर होतो.

== पडद्यावरील ओळ ==

उदाहरण म्हणून एका सभागृहातील नृत्याचा कार्यक्रम घेऊ. ट्रायपॉडवर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या मागील पडद्याचे कोणीतरी मोबाइलने छायाचित्र काढले आहे. त्यात पडद्याच्या खालच्या कडेला पुढील ओळ दिसते:

```
1/60   F4.0   ISO 1600
```

यातील 1/60 म्हणजे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहील. काही कॅमेऱ्यांत जागेअभावी नुसते 60 असे लिहिलेले असते. आकड्यापुढे दोन लहान रेघा असतील, म्हणजे 60" असे दिसत असेल, तर मात्र त्याचा अर्थ पूर्ण साठ सेकंद असा होतो. नवशिक्यांची गफलत बहुधा येथेच होते.

F4.0 हे ॲपर्चरचे, म्हणजे भिंगातील प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे मूल्य आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता हा आकडा मिळतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात F4.0 ला छिद्राचा व्यास साडेबारा मिलिमीटर असतो आणि F2.8 ला सुमारे १८ मिलिमीटर. भाजक लहान तितका भागाकार मोठा, म्हणून छिद्र मोठे झाले की आकडा लहान होतो. व्यास सुमारे १.४ पट झाला की छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट होते. 2.8, 4, 5.6, 8 ही वरवर विचित्र वाटणारी आकड्यांची मालिका त्यामुळेच आली आहे. तिच्यातील प्रत्येक पायरीवर प्रकाश निम्मा होतो.

शटरगती आणि आयएसओ यांच्या पायऱ्याही दुपटीच्याच असतात. अशा एका पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. (1/60 नंतर 1/120 ऐवजी 1/125 येते, हा केवळ आकडे सोयीचे करून घेण्याचा प्रकार आहे.)

== हललेले हात ==

वरील मूल्यांवर घेतलेल्या चित्रात नर्तिकेचा चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट आणि हात मात्र धूसर आले, असे समजू. हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर असेल तर सेकंदाच्या साठाव्या भागात तो तीन सेंटिमीटरहून अधिक सरकतो आणि तेवढी त्याची रेघ चित्रात उमटते. पार्श्वभूमीवरील पडदा व खांब रेखीव आले आहेत, म्हणजे कॅमेरा हललेला नाही. सगळेच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे दिसले असते, तर दोष कॅमेरा हलण्याचा ठरला असता. कंपनरोधक भिंगाने कॅमेऱ्याचे हलणे कमी होते, नर्तिकेचे नाही.

यावर उपाय म्हणून शटरगती 1/250 केली की हाताचे सरकणे आठ मिलिमीटरवर येते. पण प्रकाशही दोन स्टॉपनी, म्हणजे सुमारे चौथाईवर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी एक स्टॉप ॲपर्चरमधून आणि एक आयएसओमधून घेतला, तर पडद्यावरील ओळ अशी होते:

```
1/250   F2.8   ISO 3200
```

चित्राचा उजेड पूर्वीइतकाच राहतो. बदलते ते बाकीचे.

छिद्र मोठे झाल्याने स्पष्टतेची खोली, म्हणजे ज्या पट्ट्यातील वस्तू रेखीव दिसतात त्याची जाडी कमी होते. ३६ × २४ मिलिमीटर आकाराचा संवेदक, ५० मिलिमीटरचे भिंग आणि तीन मीटरवरील नर्तिका धरल्यास F4.0 ला ही खोली ढोबळमानाने ९० सेंटिमीटर असते, F2.8 ला ती ६० सेंटिमीटरपर्यंत उतरते. एकटीच नर्तिका असेल तर मागचा पडदा आणखी धूसर होतो आणि ते अनेकदा हवेच असते. दुसरी नर्तिका अर्धा मीटर मागे उभी असेल तर तिचा चेहरा मात्र बिघडतो.

== आयएसओ आणि कणीदारपणा ==

आयएसओ वाढवल्याने संवेदक अधिक प्रकाश गोळा करू लागतो, हा समज चुकीचा आहे. प्रकाश आला तेवढाच असतो. त्याची नोंद अधिक उजळ केली जाते. चित्रात दिसणारा कणीदारपणा मुख्यतः प्रकाश कमी मिळाल्यामुळे येतो. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. एखाद्या जागी सरासरी १०,००० कण येत असतील तर त्यांच्या संख्येत सुमारे १०० कणांचा, म्हणजे एक टक्क्याचा चढउतार होतो. सरासरी १०० असेल तर चढउतार १० कणांचा, म्हणजे दहा टक्क्यांचा होतो. म्हणून हा दोष आधी काळ्या पडद्यावर आणि केसांच्या सावल्यांत दिसतो, उजळ चेहऱ्यावर उशिरा. आपल्या उदाहरणात दुसऱ्या चित्राला पहिल्याच्या निम्माच प्रकाश मिळाला आहे. कणीदारपणा थोडा वाढेल, पण हललेला हात नंतर दुरुस्त करता येत नाही; कणीदारपणा पुष्कळसा कमी करता येतो.

== दिव्यांची लुकलुक ==

1/250 ही निवड योग्य असली तरी सभागृहात तिची एक अडचण आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होतात. 1/50 या गतीत असे दोन पूर्ण फेरे मावतात, 1/100 मध्ये एक. 1/250 मध्ये मात्र फेऱ्याचा अर्ध्याहूनही कमी भाग येतो. त्यामुळे लागोपाठच्या चित्रांत तिन्ही आकडे तेच असूनही एक चित्र उजळ, दुसरे मंद किंवा पिवळसर येते. कधी आडवे पट्टे दिसतात. अशा वेळी 1/100 वर उतरून नर्तिकेची मुद्रा स्थिरावण्याचा क्षण टिपणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. काही कॅमेऱ्यांत दिवा उजळ असतानाच शटर उघडण्याची सोय असते.

== पडदा काय दाखवत नाही ==

छायाचित्रात दिसणाऱ्या पडद्यावरील आकडे त्या कॅमेऱ्याचे असतात. पडद्याचे छायाचित्र घेणाऱ्या मोबाइलची मूल्ये वेगळी असतात. म्हणून अशा छायाचित्रात पडदा किती उजळ दिसतो यावरून मूळ चित्राच्या उजेडाविषयी काहीच सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष पडद्यावरही, अंधाऱ्या सभागृहात चित्र आहे त्यापेक्षा उजळ भासते. शिवाय छायाचित्र घेण्यापूर्वीच्या दृश्यात हातांचा धूसरपणा कळत नाही. अनेक कॅमेऱ्यांत त्या वेळी छिद्र पूर्ण उघडे ठेवलेले असते, त्यामुळे स्पष्टतेची खरी खोलीही कळत नाही. या दोन्हींसाठी चित्र घेऊन ते मोठे करून पाहावे लागते.

आकड्यांशेजारी उणे आणि अधिक चिन्हांची एक मोजपट्टी असते. मूल्ये हाताने ठरवताना तिचा काटा शून्यावर आणण्याचा मोह होतो. पण कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. रंगमंचावरील काळा पडदा चौकटीचा मोठा भाग व्यापत असेल तर त्याला सगळेच अंधारे वाटते आणि काटा शून्यावर आणल्यास चेहरा पांढराफटक पडतो. चित्र पुन्हा पाहताना असे जळालेले भाग अनेक कॅमेऱ्यांत लुकलुकताना दाखवता येतात. ते चेहऱ्यावर दिसले तर काटा उणे बाजूला एक-दोन स्टॉप ठेवावा, किंवा मापन केवळ चेहऱ्यापुरते करावे.