‘चालेल’ नेमके कशाला?

व्हॉट्सॲपवरून एक्सपोर्ट केलेल्या .txt फाइलमध्ये मेसेजची तारीख, वेळ, नाव येते. अंगठ्याच्या रिॲक्शन आणि कोणत्या मेसेजला रिप्लाय दिला, हे मात्र येत नाही. म्हणून सुटे ‘चालेल’ दिसले की मूळ चॅट उघडून पाहावे लागते.

समजा, सोसायटीच्या टाकीदुरुस्तीसाठी घरटी १,५०० रुपये सुचवले गेले आणि सात जणांनी होकार दिला. नंतर कोटेशन वाढून रक्कम २,००० झाली, तेव्हा तिघेच बोलले. सातांचा जुना होकार नव्या रकमेला जोडणे ही सर्वांत घातक चूक. सारांशात लिहावे: दुरुस्ती करायची, हे ठरले, १,५०० ला सात जण राजी, २,००० ला तिघे. बाकीच्यांचे मौन म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे रकमेचा प्रश्न खुलाच राहतो. प्रत्येक नोंदीपुढे मेसेजची तारीख-वेळ द्यावी.