बारापर्यंत येतो, साहेब

आई-वडिलांच्या तपासण्यांसाठी ऑफिसात सवलत मागताना आपण बहुधा ‘एक-दोन तास उशीर होईल’ असं सांगून मोकळे होतो. मग साडेदहा वाजतात, आपण अजून लॅबच्या बाकावर असतो आणि साहेबांचा फोन येतो. हे टाळायचं तर रजा मागण्याआधी तपासणीची चिठ्ठी नीट वाचायला हवी, कारण किती वेळ लागणार ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

समजा, वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि लघवीचा त्रास सुरू झालाय. डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर, खाल्ल्यानंतरची साखर आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली आहे. उपाशीपोटी रक्त साडेसातला दिलं. सोनोग्राफीही उपाशीपोटीच, शिवाय मूत्राशय भरलेलं हवं. म्हणून पाणी पिऊन थांबायचं. प्रोस्टेटची शंका असेल तर लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा बघतात. यात नऊ सहज वाजतात. मग नाश्ता, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त, म्हणजे अकराला. हे दोन तास कुणालाच कमी करता येत नाहीत. वडिलांना घरी सोडून ऑफिस गाठायला बारा वाजणार.

तेव्हा बाराच सांगावेत. दोन-तीन दिवस आधी एवढा निरोप पुरतो: ‘सर, गुरुवारी सकाळी वडिलांच्या तपासण्या आहेत. रक्त दोनदा द्यायचं असल्याने मी बारापर्यंत पोहोचेन. साडेदहाच्या मीटिंगचे आकडे बुधवारी संध्याकाळीच पाठवतो. आणखी उशीर होणार असेल तर अकराला कळवेन.’ आजाराचा तपशील यात नाही, आणि तो देण्याची गरजही नाही. साहेबांना हवं असतं ते काम कोण बघणार याचं उत्तर.

सोबत जाणं हा नुसता मायेचा भाग नाही. मधुमेहाचा म्हातारा माणूस रात्रीपासून उपाशी असतो. त्याने सवयीने सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घेतलं, तर साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं तर तपासणी राहू द्यावी, लगेच साखर-पाणी द्यावं आणि लॅबमधल्या माणसाला हाक मारावी. औषध कधी घ्यायचं ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

हक्काचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. ती वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. तासांच्या सवलतीचा मात्र वेगळा नियम त्यात नाही. ती ऑफिसच्या पद्धतीवर आणि साहेबांच्या मर्जीवर. म्हणून अर्धा दिवस किरकोळ रजा चालेल का, हे त्याच निरोपात विचारून टाका.