आकुर्डीतून लाइव्ह : एका साडीची चार मिनिटं

समजा, घरून विकणाऱ्या ताईंकडे सेमी पैठणीचे सहा नग आहेत. तीन जांभळे, तीन मोरपंखी. भाव २,४५० रुपये.

- आधी कापड, साधारण दोन मिनिटं. पदर पूर्ण उलगडायचा, मग उलटा करून दाखवायचा. हातमागाच्या पैठणीत मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. यंत्रमागाच्या सेमीत मागे सुटे धागे असतात. "ही सेमी आहे ताई, यंत्रमागाची. मागची बाजू पण बघून घ्या."

- मग भाव, एकदाच आणि पूर्ण. "चोवीसशे पन्नास, कुरिअर धरून. ब्लाउजपीस साडीतच आहे." भाव फार लांबवला की "किती?" अशा कमेंटची रांग लागते आणि कापडावरचं लक्ष उडतं.

- शेवटी नग. "जांभळ्या दोन गेल्या, एक आहे. मोरपंखी तिन्ही आहेत. घरी विचारायचं असेल तर उद्या बारापर्यंत तुमच्या नावावर ठेवते." वहीत नग खोडल्यावरच आकडा बोलायचा. दोघींनी एकदम 'बुक' लिहिलं, तर जिची कमेंट आधी तिची साडी.

- रेकॉर्डिंग. दुसऱ्या पाळीला असलेल्या बायका लाइव्ह नंतर बघतात. पिन केलेल्या कमेंटमधला शिल्लक आकडा बदलला नाही, तर गेलेल्या साडीची मागणी येत राहते.

- नियम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत १३ 'डार्क पॅटर्न' दिले आहेत. "शेवटचा नग" असं खोटं सांगणं आणि सुरुवातीला लपवलेला खर्च पैसे भरताना वाढवणं, दोन्ही त्यांत येतात.