कुर्ती घेताना दोष कापडाचा की शिलाईचा?

दुकानात तयार सुती कुर्ती हातात आली की आधी डोळा रंगाकडे आणि किमतीच्या चिठ्ठीकडे जातो. पण ती किती धुण्यांत टिकेल, हे दोन-तीन मिनिटांत बऱ्यापैकी कळू शकतं. फक्त कापडाचा दोष कोणता आणि शिलाईचा कोणता, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. शिलाईचा दोष शिंपी दुरुस्त करू शकतो, कापडाचा नाही.

कुर्ती दाराच्या उजेडात न्या आणि कापडाचा एकच पदर समोर धरा. प्रकाश किती येतो यापेक्षा तो सगळीकडे सारखा येतो का, हे महत्त्वाचं. मलमल मुळातच पातळ असते. तिच्यातून उजेड आला तर तो दोष नव्हे. मात्र मधेच विरळ पट्टे दिसले तर वीण एकसारखी नाही. गडद रंगात हे नीट दिसत नाही, तेव्हा आतली बाजू पाहा. मग तोच भाग दोन्ही हातांत धरून हलकेच चोळा आणि पुन्हा उजेडात धरा. आता जाळी मोकळी दिसली, तर मघाचा भरीवपणा खळीचा होता. तो पहिल्याच धुण्यात जाईल.

पुढे चार बोटं रुंदीचा भाग आडवा ताणून काही क्षण धरा आणि सोडा. साधं सुती कापड थोडंच ताणतं, लायक्रा मिसळलेलं जास्त. दोन्ही लगेच मूळ जागी यायला हवीत. फुगवटा राहिला तर कोपराशी आणि बसण्याच्या जागी कापड ढिलं पडेल. ताण आडवाच द्या. उरेब, म्हणजे तिरकं ओढलं तर चांगलं विणलेलं कापडही ताणतं आणि अंदाज चुकतो.

खरा निकाल काखेजवळच्या शिवणीवर लागतो, कारण हात वर केला की ताण तिथेच येतो. शिवणीच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी धरून हळूच ओढा. टाके दातांसारखे उघडे पडले आणि कापड मात्र जागेवर असलं, तर शिलाई ढिली आहे. टाके घट्ट, पण शेजारचे धागे सरकून फट पडली, तर कापडच विरळ आहे. तिथे नुसती दुसरी टीप घालून फार उपयोग होत नाही.

शेवटी कुर्ती उलटी करा. एका इंचात दहा-बारा टाके असले तर शिलाई चांगली. सहा-सातच असले तर ती लवकर उसवू शकते. आत अर्धा इंच माया आणि कडेला ओव्हरलॉक असेल, तर उसवलं तरी पुन्हा शिवता येतं. माया अगदी काठावर कापलेली असेल तर पुन्हा शिवायला कापडच उरत नाही.

म्हणून टाके ढिले, पण वीण एकसारखी आणि माया भरपूर, अशी कुर्ती शिंप्याच्या खर्चाचा हिशेब धरून घ्यायला हरकत नाही. धागे सरकणारी कुर्ती मात्र कितीही स्वस्त असली तरी दुकानातच ठेवावी.